गेट-टुगेदरची तारीख : आवडती की जमणारी?

दहावीची बॅच पंचवीस-तीस वर्षांनी एकत्र यायचं ठरवते तेव्हा पहिलं भांडण तारखेवरून होतं. आमच्याही बॅचचं झालं. माझं मत थोडक्यात सांगायचं तर, ‘तुम्हाला कोणती तारीख आवडेल?’ हा प्रश्नच विचारू नये. ‘कोणकोणत्या तारखांना तुम्ही येऊ शकता?’ असं विचारावं. दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण उत्तरं वेगळी येतात.

आमच्या ग्रुपवर ५८ जण. तीन पर्याय होते : भाऊबीजेनंतरचा शनिवार, डिसेंबरचा शेवटचा रविवार आणि मेचा दुसरा रविवार. आधी प्रत्येकाला एकच मत दिलं. ४० जणांनी कौल दिला : दिवाळी १७, डिसेंबर १३, मे १०. झालं, दिवाळी ठरली म्हणून काहींनी टाळ्याही पिटल्या.

मग एका मैत्रिणीने त्याच ४० जणांना दुसरा प्रश्न विचारला : जमतील त्या सगळ्या तारखांवर खूण करा. आता दिवाळीला २१ जण येऊ शकत होते, मे महिन्यात २४ आणि डिसेंबरला ३२! दिवाळी ज्यांना जमत होती त्यांना ती मनापासून हवी होती, पण बाकीच्यांना ती मुळीच जमत नव्हती. कोणी एसटीत, म्हणजे दिवाळीत रजा नाही. कोणाचं दुकान. आम्ही परदेशातले ११ जण तर नाहीच, कारण नोव्हेंबरात इकडे मुलांच्या शाळा चालू असतात. डिसेंबर फारसा कोणाचा लाडका नव्हता, पण बहुतेकांना चालत होता. चालतील तितक्या पर्यायांना मत देण्याच्या या पद्धतीला अ‍ॅप्रुव्हल व्होटिंग म्हणतात. ब्रॅम्स आणि फिशबर्न या दोघांनी १९७८ साली तिची रीतसर मांडणी केली.

इथे एक शंका योग्यच आहे. डिसेंबर म्हणजे एनआरआय लोकांची सोय, गावातल्यांनी का मान तुकवावी? म्हणून आम्ही ११ जणांना बाजूला काढून पुन्हा मोजलं. भारतातल्या २९ जणांपैकी दिवाळीला २१, मेला २२ आणि डिसेंबरला २४ येऊ शकत होते. डिसेंबरच पुढे राहिला. तो मागे पडला असता तर आम्ही परदेशस्थांनी गप्प बसायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉलरच्या तिकिटाला जास्त मतं नसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकणार असाल तर अनेक पर्याय निवडायची मुभा चालू ठेवा. तिथे कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. वर्गातला जुना मॉनिटर जिकडे, तिकडे चार जण जातात. संकोची माणूस ‘मला रविवारीही सुट्टी नसते’ असं चारचौघांत लिहीत नाही. त्याच्यासाठी एकट्याला निरोप पाठवता येईल असा एक नंबर द्यावा.

आता मुदत. ‘लवकर कळवा’ ही मुदत नव्हे. मुदत तारखेवरून मागे मोजत काढायची. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे नागपूर-इंदूरच्या मंडळींना ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत तारीख हवी. डिसेंबरची विमानाची तिकिटं त्याही आधी बघावी लागतात. म्हणून आमची मुदत ऑगस्टच्या शेवटच्या रविवारची, भारतीय वेळ रात्री ९. तेव्हा दुबईत साडेसात आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ, म्हणजे सगळे जागे. ‘रविवारी रात्री बारापर्यंत’ असं लिहिलं की नेमकी कुठली रात्र यावर वाद होतो. मुदतीबरोबर हेही लिहिलं होतं की उत्तर न आल्यास ‘कोणतीही तारीख चालेल’ असं धरू, नंतर तारीख बदलणार नाही.

तरी १८ जण गप्पच होते. मुदतीच्या तीन दिवस आधी तिघांनी सहा-सहा नावं वाटून घेतली आणि फोन केले. पाच जणांनी ग्रुप म्यूट करून ठेवला होता, त्यांना पोलचा पत्ताच नव्हता! हे फोन न करता गप्प राहिलेल्यांचा होकार धरणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट, तारखेचा कौल आणि जेवणाची पानं एकत्र मोजू नका. ‘येऊ शकतो’ म्हणजे ‘येतो’ नव्हे. पानांसाठी नोव्हेंबरअखेरची दुसरी मुदत ठेवा आणि वर्गणी आली की नाव पक्कं धरा. ज्याला वर्गणी जड आहे त्याचं नाव खजिनदाराने गुपचूप पक्कं करावं, यादीत तसं दिसू नये. तुमच्या बॅचमध्ये असा कोण आहे हे तुम्हाला ठाऊक असतंच.