फ्लॅटच्या जाहिरातीतले १,०५० स्क्वेअर फूट घरात पाऊल ठेवताच ७०० कसे होतात?

समजा, पुण्यात टू बीएचके शोधणाऱ्या एका जोडप्याने मोबाइलवर दोन जाहिराती बाजूला काढून ठेवल्या आहेत. दोन्ही फ्लॅट एकाच भागातले आणि किंमतही जवळपास सारखीच.

पहिला फ्लॅट दहा-बारा वर्षं जुन्या सोसायटीतला, रीसेलचा. जाहिरातीत लिहिलंय '१,०५० स्क्वेअर फूट, ७३ लाख ५० हजार'. म्हणजे स्क्वेअर फुटाला ७,००० रुपये. दुसरा फ्लॅट नव्या प्रकल्पातला. तिथे लिहिलंय '७६० स्क्वेअर फूट कार्पेट, ७६ लाख'. म्हणजे स्क्वेअर फुटाला १०,००० रुपये.

पहिल्या नजरेत जुना फ्लॅट मोठा आणि बराच स्वस्त वाटतो. पण हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एक सुपर बिल्ट-अप आहे आणि दुसऱ्यावर 'कार्पेट' असं लिहिलेलं असलं, तरी तो कायद्यातला कार्पेट नाही. दोन्ही घरं एकाच मापाने मोजली की काय चित्र दिसतं, ते पाहूया.

१,०५० चा आकडा कसा तयार होतो?

जुन्या फ्लॅटमध्ये जाऊन टेपने मोजलं, तर हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, पॅसेज, संडास-बाथरूम असं सगळं मिळून ७०० स्क्वेअर फूट भरतं. भिंतीच्या आतल्या गिलाव्यापासून समोरच्या गिलाव्यापर्यंतची ही जागा. फरशी दिसते ती एवढीच. बोलीभाषेत लोक याला कार्पेट एरिया म्हणतात, कारण गालिचा अंथरला तर तो एवढ्याच जागेत बसेल.

त्यात घराच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतींनी व्यापलेली जागा मिळवायची. आपल्या उदाहरणात ती ९० स्क्वेअर फूट आहे. हॉलला लागून असलेली ६० स्क्वेअर फुटांची बाल्कनीही धरायची. बेरीज होते ८५०. हा बिल्ट-अप एरिया.

मग इमारतीतल्या सामायिक जागा येतात. जिना, लिफ्ट, प्रत्येक मजल्यावरची लॉबी, तळमजल्यावरचं प्रवेशद्वार, पंप रूम, वॉचमनची केबिन आणि असेल तर क्लब हाउस. या सगळ्याचा एक वाटा प्रत्येक फ्लॅटच्या नावावर टाकला जातो. इथे तो २०० स्क्वेअर फूट आहे. ८५० आणि २०० मिळून झाले १,०५०. हा सुपर बिल्ट-अप, ज्याला काही जण 'सेलेबल एरिया' म्हणतात.

अडचण या शेवटच्या टप्प्यात आहे. ७०० स्क्वेअर फूट कुणीही टेप लावून तपासू शकतं. पण सामायिक जागेतला वाटा २०० च का, १५० का नाही, हे घेणाऱ्याला तपासता येत नाही. रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे, सुपर बिल्ट-अपची नाही. त्यात काय धरायचं हे बिल्डरने तेव्हा ठरवलं आणि पुढे तोच आकडा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला.

'लोडिंग फक्त ३३ टक्के आहे'

कार्पेटवर किती जागा चढवली, याला बांधकाम व्यवसायात 'लोडिंग' म्हणतात. आपल्या फ्लॅटमध्ये ७०० वर ३५० चढवले आहेत, म्हणजे लोडिंग ५० टक्के.

पण एखादा एजंट म्हणू शकतो, "दादा, इथे लोडिंग फक्त ३३ टक्के आहे." तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याने ३५० ला ७०० ऐवजी १,०५० ने भागलेलं असतं. जागा तीच आणि वाढही तीच, फक्त टक्केवारी काढण्याचा पाया बदलला. त्यामुळे लोडिंगची टक्केवारी ऐकली की ती कार्पेटवर आहे की सुपर बिल्ट-अपवर, हे विचारावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे टक्केवारी बाजूला ठेवून थेट कार्पेटचा आकडा मागायचा.

आता पहिला हिशेब दुरुस्त करू. ७३ लाख ५० हजारांना ७०० ने भागलं की दर येतो स्क्वेअर फुटाला १०,५०० रुपये. म्हणजे ७,००० चा वाटणारा फ्लॅट नव्या प्रकल्पातल्या १०,००० पेक्षा महाग निघाला?

अजून नाही. कारण दुसऱ्या जाहिरातीतला आकडाही तपासायचा आहे.

रेराचा कार्पेट काय धरतो आणि काय सोडतो?

स्थावर संपदा कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. या कायद्याने कार्पेट एरियाची एकच व्याख्या देशभरासाठी ठरवली. फ्लॅटच्या आतली वापरता येणारी जागा त्यात येते आणि आतल्या खोल्या विभागणाऱ्या भिंतींची जागाही येते. बाहेरच्या भिंती, पाइप आणि वायरिंगचे डक्ट, फक्त त्या फ्लॅटसाठी असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची यात येत नाही.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. आतल्या भिंती धरल्या जातात, म्हणून रेरा कार्पेट हा टेपने मोजलेल्या फरशीपेक्षा थोडा जास्त असतो. आणि बाल्कनी धरली जात नाही.

बाल्कनीचा हाच मुद्दा नव्या जाहिरातींमध्ये गोंधळ घालतो. कायद्यानुसार बिल्डरला प्रकल्पाची नोंदणी करताना कार्पेट एरिया आणि बाल्कनी, गच्चीचं क्षेत्रफळ वेगवेगळं जाहीर करावं लागतं. पण होर्डिंगवर आणि मोबाइलवर ही बेरीज करून 'युजेबल कार्पेट', 'टोटल कार्पेट' किंवा नुसतंच 'कार्पेट' असं लिहिलेलं दिसतं.

समजा, जोडप्याने जाहिरातीतल्या नोंदणी क्रमांकावरून महारेराच्या संकेतस्थळावर दुसरा प्रकल्प उघडला. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी हेच पान उघडतं. तिथे आकडे चौरस मीटरमध्ये आहेत. कार्पेट ६३.१७, बाल्कनी ४.६५ आणि ड्राय बाल्कनी २.७९. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ स्क्वेअर फूट. त्यानुसार कार्पेट ६८० स्क्वेअर फूट, बाल्कनी ५० आणि ड्राय बाल्कनी ३०. या तिन्हींची बेरीज म्हणजे जाहिरातीतले ७६०.

बाल्कनीचा उपयोग नसतो असं नाही. कपडे वाळत घालायला, वॉशिंग मशीन ठेवायला ती लागतेच. पण एका घराची बाल्कनी धरून आणि दुसऱ्याची सोडून तुलना केली, तर उत्तर चुकतं.

दोन्ही घरं एकाच मापात

नव्या फ्लॅटचा रेरा कार्पेट ६८०. ७६ लाखांना ६८० ने भागलं, की दर येतो सुमारे ११,१७६ रुपये.

जुना फ्लॅट रेरापूर्वीचा, पण त्यालाही तेच माप लावता येतं. टेपने फरशी ७०० भरली होती. आता आतल्या भिंतींची जागा मिळवायची. आतल्या भिंतींची एकूण लांबी साधारण ६० फूट आणि जाडी सहा इंच, म्हणजे अर्धा फूट धरली, तर ३० स्क्वेअर फूट होतात. भिंतींच्या एकूण ९० मधले हे ३० आतले, उरलेले ६० बाहेरचे. म्हणजे रेराच्या मापाने जुना फ्लॅट ७३० स्क्वेअर फुटांचा. दर येतो सुमारे १०,०६८ रुपये.

चित्र तिसऱ्यांदा बदललं. जाहिरात वाचून जुना फ्लॅट ३० टक्के स्वस्त वाटत होता. अर्धवट हिशेबात तो महाग झाला. एकाच मापात मोजल्यावर तो स्वस्तच आहे, पण साधारण १० टक्क्यांनी. आणि फ्लॅट १,०५० विरुद्ध ७६० असा नसून ७३० विरुद्ध ६८० असा आहे. फरक उरतो ५० स्क्वेअर फुटांचा, म्हणजे एखाद्या लहान स्वयंपाकघराएवढा.

जुन्या इमारतीची दुरुस्ती, लिफ्टची अवस्था, नव्या प्रकल्पातल्या सोयी हे प्रश्न यानंतरचे. पण ते 'स्वस्त पडतं म्हणून' या चुकीच्या पायावर सोडवले जाऊ नयेत, एवढं या हिशेबातून साधतं.

करारात कुठे पाहायचं?

नव्या फ्लॅटच्या बाबतीत माहितीपत्रक आणि सॅम्पल फ्लॅटपेक्षा नोंदणीकृत करारनाम्यातला आकडा महत्त्वाचा. महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यात कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये लिहिला जातो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट कळवायचा असतो आणि त्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक करारात गृहीत धरलेला असतो.

तीन टक्के किरकोळ वाटतात. पण ६८० चे तीन टक्के म्हणजे सुमारे २० स्क्वेअर फूट आणि ११,१७६ च्या दराने जवळपास २ लाख २८ हजार रुपये. जागा कमी भरली, तर त्या प्रमाणात जास्तीची रक्कम ४५ दिवसांत व्याजासह परत करण्याची तरतूद आदर्श करारात आहे. जागा वाढली, तर बिल्डर पुढच्या हप्त्यात जादा रक्कम मागू शकतो. म्हणून ताबा घेताना टेप लावून मोजणं आणि करारातला आकडा पुढ्यात ठेवणं, दोन्ही गरजेचं. मोजताना आतल्या भिंतींची जागा मिळवायला विसरलं, तर कमी नसलेलीही जागा कमी वाटेल. हॉलला जोडून काच लावलेली बाल्कनी हॉलमध्येच मोजली, तर उलट होईल.

रीसेलमध्ये हे संरक्षण नाही. मोबाइलवरच्या जाहिरातीत मालक त्याला वाटेल तो आकडा लिहू शकतो. तिथे जुना करारनामा, इंडेक्स टू आणि मंजूर नकाशा मागवावा लागतो. करारात नुसताच बिल्ट-अप असेल, तर अनेक जण त्याला १.२ ने भागून कार्पेटचा अंदाज बांधतात. आपल्या उदाहरणात ८५० भागिले १.२ म्हणजे ७०८ येतात, प्रत्यक्षातल्या ७०० च्या जवळ. पण हा अंदाजच आहे. बाल्कनी मोठी असेल, तर तो सपशेल चुकतो.

कार्पेटवर विक्री होऊ लागली म्हणून जिना आणि लॉबी फुकट मिळत नाहीत, हेही खरं. त्यांचा खर्च आता दरात मिसळलेला असतो, म्हणून कार्पेटचा दर नेहमी चढा दिसतो. बदललं ते इतकंच, की पैसे ज्या आकड्यावर मोजले जातात, तो घेणाऱ्याला टेप हातात घेऊन स्वतः तपासता येतो.