साठातले दहा

अमेरिकेत अपंगत्वाची पेन्शन मिळाली, तरी सुधारणा शक्य वाटल्यास साधारण दर ३ वर्षांनी फेरतपासणी होते. त्याला माझी हरकत नाही. १९८४च्या कायद्यामुळे तब्येत सुधारून माणूस काम करू शकतो हे दिसल्याशिवाय पेन्शन सहसा थांबत नाही.

राग आहे तो मुदतीचा. समजा, मार्चमध्ये 'सुधारणा झाली' असं ठरलं, तर शेवटची पेन्शन मे महिन्याची. अपिलाला ६० दिवस मिळतात. पण निकालापर्यंत पैसे चालू हवेत, तर पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत लेखी मागायचे! विसाव्या दिवशी वकील सापडला, तर अपील होतं. पैशांसाठी मात्र उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. शिवाय हरलात तर घेतलेले पैसे परत मागतात. मग घाई कुणासाठी? दोन्हींना ६० दिवसच द्या की!