ऑनलाइन इंटरव्ह्यूची टेस्ट करताय? मग आधी राउटरची पिन काढा!



धंदा शिकवणाऱ्या चॅनलवर नोकरीच्या इंटरव्ह्यूचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जण दोन-तीन वर्षं नोकरी करून भांडवल जमवणार आहेत, लाइन शिकणार आहेत आणि मग दुकान टाकणार आहेत. त्या नोकरीचा पहिला राउंड हल्ली बहुतेक ठिकाणी लॅपटॉपवरच होतो. तिथे मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. मुलं टेस्ट करतात, पण सगळं नीट चालू असतानाच करतात.

माझ्या बॅचमधल्या एका मुलाचं सांगते. त्याला पुढे स्वतःचं हार्डवेअरचं दुकान टाकायचंय. त्याआधी डिस्ट्रिब्युशनचं काम आतून बघावं म्हणून त्याने एका कंपनीत सेल्सच्या जागेसाठी अर्ज केला. इंटरव्ह्यू सकाळी ११ वाजता होता. आदल्या रात्री १० वाजता त्याने कॅमेरा बघितला, माइक बघितला, सगळं ओके. दुसऱ्या दिवशी ११ वाजून १२ मिनिटांनी लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर बंद पडला. त्याने घाईघाईत मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि पुन्हा जॉइन झाला. तेवढ्यात दुसऱ्या सिमवर मामाचा फोन आला आणि नेट परत थांबलं. तो परत आला तेव्हा समोरचे निघून गेले होते.

"ताई, मी टेस्ट केली होती हो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "केलीस रे, पण चालतंय का एवढंच बघितलंस. बंद पडल्यावर काय होतं ते बघितलंच नाहीस."

माझं मत असं आहे की जी पर्यायी सोय तुम्ही एकदाही वापरून बघितली नाही, ती सोय नाहीच.

पुढच्या इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी आम्ही त्याची पूर्ण रंगीत तालीम घेतली. जागा तीच, लॅपटॉप तोच आणि वेळही तीच, सकाळी ११. वेळ का महत्त्वाची? रात्री १० ला त्याची गल्ली शांत असते, पण सकाळी ११ ला मागची पिठाची गिरणी सुरू असते. हे त्याला पहिल्यांदा तेव्हा कळलं! शेवटी आम्ही आतल्या खोलीत बसायचं ठरवलं.

आधी आवाज बघितला. चित्र थोडं अडकलं तर समोरचा चालवून घेतो, पण आवाज तुटला की उत्तरच पोचत नाही. स्वतःचा आवाज कसा जातोय हे बोलताना कळत नाही, म्हणून एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकायचं. झूम असेल तर zoom.us/test वर जाऊन बोललेलं परत ऐकता येतं. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गोष्टी सापडल्या. पंख्याची घरघर येत होती, आणि इअरफोनचा माइक शर्टच्या कॉलरला घासत होता. पंखा बंद केला, वायर चिमट्याने शर्टला लावली, काम झालं. खोली मोकळी असेल तर आवाज घुमतो. अशा वेळी समोरच्या भिंतीवर गोधडी टांगली तरी फरक ऐकू येतो.

ब्लूटूथ इअरबडबद्दल सांगते. माइक सुरू झाला की बऱ्याच इअरबडचा आवाज पातळ होतो, आणि फोन वाजला तर ते लॅपटॉप सोडून फोनकडे पळू शकतात. मी स्वतः मोबाइल ॲक्सेसरीज विकते, रिंगलाइटही विकते, तरी सांगते, इंटरव्ह्यूसाठी साधा वायरचा इअरफोन घ्या. रिंगलाइटचे पैसे वाचवा.

चित्राचं काम पाच मिनिटांचं आहे. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसा. लॅपटॉपखाली दोन खोकी ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा. मागे साधी भिंत पुरे. बॅकग्राउंड धूसर करायची सोय जुन्या लॅपटॉपवर टाळा. त्याच्या लॅपटॉपवर ती लावताच आतला फॅन सुरू झाला आणि आवाज अडकायला लागला. बंद केल्यावर नीट झाला.

आता मुख्य भाग. मी माझ्या दुकानातून त्याला व्हिडिओ कॉल केला, प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मध्येच त्याच्या बहिणीने राउटरची पिन काढली. त्याला सांगितलं नव्हतं. त्याला परत यायला २ मिनिटं ४० सेकंद लागली. वेळ कुठे गेला? हॉटस्पॉटचा पासवर्ड आठवेना, आणि लॅपटॉप ते नेट पकडेना म्हणून फोनवरून जॉइन व्हायला गेला तर ॲप अपडेट मागत होतं. आला तेव्हा लॅपटॉपही पुन्हा जोडला गेला, आणि एकाच खोलीत दोन माइक सुरू झाल्याने कर्कश शिट्टी वाजायला लागली.

मग एकेक गोष्ट सोडवली. हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून पासवर्ड सेव्ह केला. फोनमधलं ॲप अपडेट करून, एकदा उघडून माइक-कॅमेऱ्याची परवानगी दिली, नावही नीट टाकलं. फोनवरून यायची वेळ आलीच तर आधी लॅपटॉपवरची मीटिंग बंद करायची, हे ठरवलं. आणि मामाच्या फोनचं कोडं असं होतं की दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर कॉल सुरू असताना दुसऱ्या सिमचं नेट थांबतं. म्हणून इंटरव्ह्यूच्या तासाभरासाठी सेटिंगमधून दुसरं सिम बंद ठेवायचं. तिसऱ्यांदा पिन काढली तेव्हा तो ४० सेकंदांत परत आला.

शेवटची सोय म्हणजे साधा फोन कॉल. ज्यांनी लिंक पाठवली त्यांचा नंबर सेव्ह करा आणि हा मेसेज आधीच टाइप करून ठेवा: "सर, आमच्याकडे वीज गेली आहे. दोन मिनिटांत परत जॉइन होतो. तोपर्यंत या नंबरवर बोलू शकतो." गडबडीत असं नीट लिहिलं जात नाही. टॉवरच गर्दीने दमलेला असेल तर हॉटस्पॉटचाही उपयोग नाही, तेव्हा हा कॉलच कामी येतो. आणि तुमच्या भागात ठरावीक वारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते हे माहीत असेल, तर आदल्या दिवशीच वेळ बदलून मागा. व्यवस्थित कारण दिलं तर लोक समजून घेतात.

दुसऱ्या इंटरव्ह्यूला लाइट गेली का? नाही गेली. गंमत म्हणजे त्या दिवशी समोरच्या साहेबांचंच नेट गेलं. हा शांतपणे थांबला, दोन मिनिटांनी मेसेज केला, "सर, हवं तर फोनवर बोलू," आणि उरलेला इंटरव्ह्यू फोनवर झाला. पुढच्या महिन्यात तो रुजू झाला. अर्थात जागा त्याला उत्तरांवर मिळाली, पण यावेळी ती उत्तरं पूर्ण ऐकली गेली.

तुमचा इंटरव्ह्यू ठरला असेल तर आजच घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा: मी कॉलवर असताना, मला न सांगता, पिन काढ. आणि घड्याळ लावा.