वेग कमी करण्यापूर्वी

एका स्विचवर स्कॅनिंग करणारी व्यक्ती चुकू लागली की आपल्यापैकी बहुतेकांचा हात आधी वेगाच्या आकड्याकडे जातो. ‘जमत नाहीये, जरा सावकाश करू,’ म्हणत दोन सेकंदांचे चार सेकंद होतात. चुका बहुधा तशाच राहतात. लिहिणं मात्र इतकं लांबतं की कंटाळून ती व्यक्ती स्विच दाबायचंच सोडते आणि आपण नोंद करतो, ‘स्कॅनिंगसाठी अद्याप तयार नाही.’ ही नोंद अनेकदा अन्यायाची असते.

आधी वेग कसा ठरवावा ते पाहू. सिम्पसन, कोस्टर आणि लोप्रेस्टी यांनी 2007 मध्ये मांडलेला साधा नियम अजून उपयोगी पडतो: प्रतिसादाला लागणारा सरासरी वेळ 0.65 ने भागा, म्हणजे एका घरावर प्रकाश किती वेळ थांबावा ते मिळतं. सेरेब्रल पाल्सी असलेली बावीस वर्षांची एक तरुणी उदाहरणादाखल घेऊ. व्हीलचेअरच्या हेडरेस्टला उजवीकडे बसवलेला स्विच ती डोक्याने दाबते. खूण दिसल्यापासून स्विच दाबेपर्यंत तिला सरासरी 1.3 सेकंद लागतात. म्हणून आयपॅडवर Switch Control मध्ये Auto Scanning Time दोन सेकंद ठेवायचा. मोजताना स्विच रोजच्याच जागी आणि ती रोजच्याच बैठकीत हवी. स्विच चार बोटं सरकला तरी आकडा बदलतो.

आता तिला वीस ठरावीक अक्षरं निवडायला सांगा आणि प्रत्येक चूक कशी झाली ते लिहून ठेवा. समजा, सहा चुकली. सहाही वेळा गोंधळ ओळीतल्या पहिल्या अक्षरापाशी झाला. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या या चुका दोन वेगळ्या कारणांच्या असू शकतात. चार वेळा तिला पहिलंच अक्षर हवं होतं, पण ते हातचं गेलं आणि प्रकाश पुन्हा फिरून येण्याची वाट पाहावी लागली. ओळ निवडल्यावर डोकं मागे घेऊन पुन्हा तयार व्हायला तिला वेळ मिळत नाही, हे त्याचं कारण. इथे Pause on First Item एक सेकंद ठेवला की फक्त पहिलं घर जास्त थांबतं, बाकीची घरं त्याच वेगाने पुढे जातात. उरलेल्या दोन वेळा नको असताना पहिलं अक्षर उमटलं. डोक्याच्या अनैच्छिक हालचालीने स्विच दोनदा दाबला गेला होता. पहिल्या दाबाने ओळ निवडली गेली, दुसऱ्याने अक्षर. त्यावर Ignore Repeat अर्ध्या सेकंदाचा पुरतो. तो तीन सेकंदांवर नेला तर तिने खरोखर दाबलेला दुसरा दाबही यंत्र गिळून टाकेल. यांपैकी कोणत्याही चुकीसाठी सरसकट वेग कमी करण्याची गरज नव्हती.

प्रकाश पुढच्या घरावर सरकल्यावर दाब पडत असेल, आणि ते कोणत्याही ओळीत, कोणत्याही घरावर होत असेल, तरच वेग खरोखर जास्त आहे. उलट हव्या घराच्या आधीच दाब पडू लागला तर वेग बहुधा फार कमी आहे. ती व्यक्ती वाट पाहून थकते आणि अंदाजाने दाबते.

देवनागरीत या सावकाशीची किंमत अधिक आहे, कारण मात्रा वेगळ्या निवडाव्या लागतात. ‘पाणी’साठी चार निवडी. प्रत्येक कळ सरासरी तिसऱ्या ओळीत पाचवी धरली, तर पहिल्या घराच्या थांब्यासह दोन सेकंदांच्या वेगाने हा शब्द एका मिनिटाहून थोड्या जास्त वेळात होतो. थांबा न देता सरसकट चार सेकंद केले, तर पावणेदोन मिनिटं लागतात. तहान लागलेल्या माणसाला हे मागू नये. असे शब्द तयार वाक्यांच्या पहिल्या ओळीत ठेवलेले बरे.

स्विच अस्थिर असेल तर Hold Duration ही वापरतात. तो 0.3 सेकंद ठेवला तर प्रतिसादाचा वेळ 1.6 धरावा लागतो आणि घराचा वेळ सुमारे अडीच सेकंदांवर जातो. ही बेरीज वारंवार विसरली जाते. विंडोजच्या On-Screen Keyboard मधल्या Scan through keys ला पहिल्या घराचा वेगळा थांबा नाही, आणि दुहेरी दाब Filter Keys मधून रोखावा लागतो. निवड करताना हे लक्षात ठेवा.

हे सारं बसवण्याआधी Accessibility Shortcut मध्ये Switch Control घालून ठेवा, म्हणजे वरचं किंवा होमचं बटण तीनदा दाबून घरच्यांना स्कॅनिंग बंद करता येईल.

थकवा, औषधाची वेळ, बदललेली खुर्ची यांनी प्रतिसादाचा वेळ हलतो. म्हणून फाइलमध्ये केवळ आकडे नकोत. ते कोणत्या बैठकीत, स्विच कुठे असताना आणि कोणत्या चुकीमुळे ठरले, हेही लिहा. पुढच्या भेटीत वेगाला हात लावण्याआधी वीस दाब पाहा, ही सर्व सहकाऱ्यांना विनंती.