‘डिले’ची तीन रूपं

डोंबिवली एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मेल लिहिताना ‘प्लीज रिव्हर्ट’ सहज लिहिलं जातं. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’. इंग्लंडमधल्या वाचकाला मात्र तो ‘पूर्वस्थितीला जा’ असा वाटतो. केंब्रिजच्या ‘बी२ बिझनेस व्हँटेज’ परीक्षेत लेखनाचा पहिला मजकूर जेमतेम 40-50 शब्दांचा असतो. इतक्या थोड्या जागेत असा शब्द लगेच खटकतो, म्हणून तिथे साधं ‘रिप्लाय’ लिहावं.

मला वाटतं, शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा एकच घटना तीनदा लिहावी. समजा, कच्चा माल दोन दिवस उशिरा येणार आहे. मेलमध्ये ‘द डिलिव्हरी हॅज बीन डिलेड बाय टू डेज’. मीटिंगमध्ये ‘कॅन वी डिस्कस द डिले?’. इथे ‘डिस्कस अबाउट’ म्हणण्याचा मोह होतो, कारण मराठीतलं ‘बद्दल’ आपल्या मनात असतं. रिपोर्टमध्ये ‘द डिले वॉज ड्यू टु...’ म्हणत कारण द्यावं. क्रियापदाचं नाम कसं होतं आणि त्याच्या शेजारी कोणते शब्द बसतात, हे वहीत एकाखाली एक दिसतं. कल्याण लोकलमध्ये तेवढं एक पान पुन्हा वाचून होतं.