आधी छत, मग एसी



‘वरच्या मजल्याला 2 टनांचाच एसी हवा’ हे वाचकपत्र पटले नाही. नागपुरातील अशाच एका घरमालकांना मी उलट सल्ला दिला. मे महिन्यात उघडा स्लॅब दुपारी 60 अंशांपर्यंत तापतो. 150 चौरस फुटांच्या खोलीत त्यातून साधारण दीड किलोवॉट उष्णता उतरते. म्हणजे जवळपास अर्धा टन एसी केवळ छताशी झुंजतो. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर 50 मिलिमीटर जाडीचे एक्सट्रूडेड पॉलिस्टायरिनचे बोर्ड, वर कोबा आणि पांढऱ्या फरश्या घातल्या, तर ही उष्णता साधारण सातव्या हिश्श्यावर येते. रात्री 10 वाजता छत आतल्या भिंतींपेक्षा गरम लागले, तर खर्च आधी तिथेच करावा. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन मात्र याने थांबत नाही; तिला बाहेरून सावली हवी.

— एक वास्तुविशारद, नागपूर