दिवा विझलेला असतानाही
हवेचे लगतचे थर वेगवेगळ्या गतीने वाहू लागले किंवा तापलेली हवा ढगांतून उसळून वर चढली, की तेथे भोवरे उठतात आणि त्यांतून जाणारे विमान हिसके खाते. यालाच टर्ब्युलन्स म्हणतात. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवर असताना पट्ट्याचा दिवा लागल्यानंतर अवघ्या ८ सेकंदांत असा हिसका बसला, की पट्टा न बांधलेले प्रवासी जागेवरून वर फेकले गेले. विमान मात्र सुमारे ५४ मीटर खाली येऊन सावरले. म्हणून दिवा विझलेला असतानाही बसल्या जागी पट्टा कमरेवर घट्ट असावा. आणि पंखांचे लवणे हे मोडण्याचे नव्हे, तर हिसका पचवण्याचे लक्षण आहे हे ध्यानात ठेवून भित्र्या प्रवाशाने श्वास सावकाश घ्यावा आणि सोडताना अधिक लांबवावा.